तीन बोटं

गेल्या वर्षी धाकटीच्या दहाव्या वाढदिवसाला घरात फुगे फुगवायला बसलो होतो. थोरल्यानं आठ-दहा फुगवले, बायकोनं पाच-सहा. माझा पहिलाच फुगा काही केल्या फुगेना. गालात हवाच धरता येईना, फुंकर मारली की ओठांच्या कडेनं निसटून जायची. धाकटी म्हणाली, "पप्पा, तुम्हाला फुगापण येत नाही?" सगळे हसले, मीही हसलो आणि विषय संपला.

खरं तर विषय दोन वर्षांपासून सुरू होता. चाकणला मिसळ खाताना तोंडाची आग व्हायची. मी हॉटेलवाल्याला म्हणायचो, तुझं तिखट बदललंय. मग घरची भाजी झोंबायला लागली. बायकोनं मिरची कमी केली, तरी झोंबायची. वडापाव मी आधी हातानं दाबून चपटा करायचो आणि मग खायचो. आपण असं का करतो याचा विचार कधी केला नाही. माणूस हळूहळू आखडत गेला तर त्याला आखडल्याचं कळत नाही, एवढंच आता म्हणू शकतो.

शेवटी दाढ दुखायला लागली म्हणून गावातल्या एका डेंटिस्ट मॅडमकडे गेलो. त्या म्हणाल्या, आ करा. मी केला. त्या म्हणाल्या, पूर्ण करा. मी म्हणालो, हा पूर्णच आहे.

त्यांनी आरसा बाजूला ठेवला. म्हणाल्या, "तुमच्याच हाताची तीन बोटं घ्या. तर्जनी, मधलं आणि अनामिका, एकमेकांना चिकटवून. आता ती उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या मध्ये घाला."

दोन गेली. तिसरं गेलं नाही.

"तंबाखू?"

"नाही मॅडम. गुटखा खायचो, पण २०१२ ला बंदी आली तेव्हाच सोडला. आता फक्त साधी सुपारी."

"साधी म्हणजे?"

या "साधी म्हणजे" वर पुढची पंधरा मिनिटं मी जे ऐकलं, त्यासाठी ही पोस्ट लिहितोय. मोठी आहे, पण आपल्या पट्ट्यातल्या लोकांनी शेवटपर्यंत वाचावी.

आधी माझा कबुलीजबाब. मी सेहेचाळीस वर्षांचा आहे. पत्रकारितेचा डिप्लोमा करून भोसरीत एका साप्ताहिकात लागलो तेव्हा चाकणची ओळख कांद्याच्या बाजाराची होती. मग एमआयडीसी वाढली, गाड्यांच्या कंपन्या आल्या, म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडीत भाड्याच्या खोल्यांच्या चाळी उभ्या राहिल्या आणि बातम्या रात्रीच्या झाल्या. अपघात, कंटेनर पलटी, शिफ्टवरून येणाऱ्याला लुटलं. जागं राहायला गुटख्याची पुडी लागायची. २००१ च्या सुमारास सुरू झालेली सवय २०१२ पर्यंत चालली.

जुलै २०१२ मध्ये राज्य सरकारनं गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आणली. त्याआधी २००२ मध्येही आणली होती, पण २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात ती टिकली नाही. या वेळी अन्नसुरक्षा कायद्याखाली आणली आणि वर्षावर्षानं वाढवत नेली. ती बातमी मी केली होती. गालात पुडी धरूनच टाइप केली होती, हे आज लिहायला लाज वाटते. पण बंदीनंतर पुडी महाग झाली, लपूनछपून घ्यावी लागायची, म्हणून मी खरोखरच सोडली. आणि दुसऱ्या दिवसापासून टपरीवर रोठा कातरून घ्यायला लागलो. भाजलेली सुपारी, बारीक कतरण, ना तंबाखू ना चुना. दिवसाला आठ-दहा वेळा. सगळ्यांना सांगत फिरलो, की आपण सुटलो. अन्न व औषध प्रशासनाच्या धाडीची बातमी घ्यायला जायचो तेव्हा शर्टाच्या खिशात सुपारीची पुडी असायची आणि मनात काही खटकायचं नाही. सुपारी कोण वाईट म्हणणार? देवापुढे ती ठेवायची, पूजेत गणपती म्हणून तिलाच बसवायचं, लग्न ठरलं की तीच फोडायची.

मॅडमनी माझ्या तोंडात बोट घालून गाल आतून चाचपला. म्हणाल्या, "हे बघा, दोरीसारखं लागतंय." मग मला आरशात दाखवलं. टाळू आणि गालाची आतली बाजू लालसर गुलाबी असायला हवी. माझी पांढुरकी होती, संगमरवराच्या फरशीसारखी. पडजीभ आक्रसून बारकी झालेली. जीभ बाहेर काढायला सांगितलं, ती खालच्या ओठाच्या पुढे जाईना. शेवटी त्यांनी व्हर्नियर कॅलिपर काढला. होय, तोच, जो आपल्याकडे प्रत्येक वर्कशॉपच्या क्वालिटीच्या टेबलावर असतो. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर मोजलं. सत्तावीस मिलिमीटर. मोठ्या माणसाचं साधारण चाळीसच्या वर असतं.

या आजाराला ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. तोंडाच्या आतल्या मऊ कातडीखाली तंतू साठत जातात आणि ती कातडी चामड्यासारखी घट्ट होते. नाव परदेशी असलं तरी आजार आपलाच. मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये त्याचं वर्णन करून त्याला हे नाव दिलं. त्याच्या एक वर्ष आधी केनियात राहणाऱ्या पाच भारतीय बायकांमध्ये तो दिसल्याची नोंद आहे. म्हणजे सुपारी जिथे गेली, तिथे तो गेला.

तो होतो कसा, हे मी मॅडमकडून आणि नंतर वाचून जे समजून घेतलं ते सोपं करून सांगतो. सुपारीत अरेकोलिन नावाचं द्रव्य असतं. सुपारी खाल्ल्यावर अंगात जी ऊब येते, थोडा घाम फुटतो, लाळ सुटते, डोकं तरतरीत होतं, ते त्याचं काम. चघळताना हेच अरेकोलिन गालाच्या कातडीत झिरपतं आणि तिथल्या पेशींना जास्त तंतू बनवायला लावतं. एरवी शरीर जुने तंतू मोडतं आणि नवे बनवतं. इथे मोडण्याचं काम मंदावतं. त्यात सुपारीत तांबं बरंच असतं. ते तंतूंना एकमेकांशी बांधणाऱ्या एका एन्झाइमला जोर देतं, आणि बांधलेले तंतू सहज सुटत नाहीत. भाजलेल्या जखमेचा व्रण जसा कातडी ओढून धरतो, तसा व्रण तोंडभर, आतून, वर्षानुवर्षं तयार होत राहतो. शिवाय सुपारीच्या टणक कडांनी रोज बारीक ओरखडे पडतात, त्यातून आत शिरायला वाट मिळते ती वेगळीच.

यात तंबाखू कुठेच आली नाही, हे लक्षात घ्या. मी बारा वर्षं ज्या भरवशावर होतो, तो भरवसाच चुकीचा होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात नुसत्या सुपारीला, तंबाखूशिवायच्या, माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. त्याच गटात तंबाखू आहे. एकट्या अरेकोलिनबद्दल ती संस्था अजून "शक्यता आहे" एवढंच म्हणते. पण आपण अरेकोलिन वेगळं काढून कुठे खातो? आपण सुपारी खातो.

मी मॅडमना तोच प्रश्न विचारला, जो तुमच्याही मनात आला असेल. माझी आजी आयुष्यभर पान खायची. तिचा पितळी डबा, अडकित्ता अजून आमच्याकडे आहे. ब्याऐंशीव्या वर्षी गेली, तोंडाला काही झालं नाही. मग मलाच कसं?

उत्तर असं, की आजी दिवसातून दोनदा पान खायची, जेवण झाल्यावर. पानात सुपारीचे चार तुकडे, बाकी हिरवं पान. मी ऐवज तोच घेतला, पण पान टाकून दिलं आणि सुपारी दिवसभर गालात ठेवली. १९९६ साली हैदराबादमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. छोटाच होता, पण त्यातला फरक ठळक आहे. या आजाराच्या रुग्णांना विचारलं, की सवय लागल्यापासून किती वर्षांनी त्रास सुरू झाला. पान-सुपारी खाणाऱ्यांना सरासरी साडेआठ वर्षं लागली होती. गुटखा-पानमसाला खाणाऱ्यांना तीन वर्षंसुद्धा लागली नव्हती. पुडीत सगळा कोरडा मालच असतो, सुपारी जास्त असते आणि पानाच्या हिरव्या रसातून जे थोडंफार संरक्षण मिळत असावं तेही नसतं. म्हणजे आजीचं पान निर्दोष होतं असं नाही. पान-सुपारीनंही कॅन्सर होतो. तिचा डोस कमी होता आणि नशीब बरं होतं.

याला आपल्याच जिल्ह्यातला एक पुरावा आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. साठच्या दशकाच्या शेवटी टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चच्या डॉ. फली मेहता यांच्या पथकानं पुणे जिल्ह्यातल्या गावांत फिरून एक लाखाहून जास्त लोकांची तोंडं तपासली. त्याचा अहवाल १९७२ मध्ये आला. आपल्या आजोबा-आजीची पिढी. ते लोक तंबाखू-चुना मळून खायचे, मिश्री लावायचे, त्याचे डाग त्यांच्या तोंडात सापडले. पण तोंड आखडण्याचा हा आजार फारच थोड्यांमध्ये सापडला. लाख लोकांत शोधून काढावा लागावा इतका थोडा. आज मॅडमच्या छोट्याशा दवाखान्यात दर आठवड्याला कुणीतरी असा येतो आणि बहुतेक वेळा तो विशी-तिशीतला असतो. मधल्या काळात काय बदललं? गावाची हवा, माणसांचं रक्त बदललं नाही. सुपारी पुडीत आणि माव्यात आली.

माव्याबद्दल बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घालून घासून घासून गरम करायचं, ते मावा. विदर्भात याला खर्रा म्हणतात. चुना घालण्यामागे केमिस्ट्री आहे. चुन्यानं तोंडातला रस क्षारी होतो, त्यानं अरेकोलिन आणि निकोटीन दोन्ही मोकळी होऊन कातडीतून पटकन रक्तात जातात. टपरीवाला केमिस्ट्री शिकलेला नसतो, पण चुना किती घातला की गिऱ्हाईक परत येतं हे त्याला पक्कं माहीत असतं.

माझ्या ओळखीचे एक टपरीवाले मामा आहेत. कुठल्या गेटसमोर ते लिहीत नाही. एका रात्री शिफ्ट सुटताना त्यांच्याजवळ तासभर उभा राहिलो. मावा ते पाठीमागून देतात, समोर फक्त बडीशेप आणि गोळ्या. मी विचारलं, सगळ्यात जास्त खप कधी?

"रातपाळी चढताना," मामा म्हणाले. "सुटताना च्या पितेत. चढताना मावा नेतेत. एकेकजण तीन-तीन नेतो, बारा तास काढायचे असतेत ना पत्रकारसाहेब."

तिथेच बीडकडचा एक पोरगा भेटला. चोवीस-पंचवीसचा, कंत्राटी, प्रेस शॉपला हेल्पर. म्हणाला, "सर, प्रेसवर डोळा लागला तर बोटं जात्यात. च्या एकदाच भेटतो. मावा असला की पहाटं तीन ते पाच निघून जातंय. भूक बी लागत नाही."

हे वाक्य मी बऱ्याच दिवसांपासून डोक्यात घेऊन फिरतोय. त्याचं निदान चुकीचं नव्हतं. अरेकोलिन खरंच जागं ठेवतं, खरंच भूक मारतं. बारा तासांच्या रात्रपाळीची आणि एका चहाची जी तूट आहे, ती हा पोरगा स्वतःच्या खिशातून आणि स्वतःच्या गालातून भरून काढतो. म्हणून त्याला "व्यसनी पोरं" म्हणून बाजूला काढणं मला आता जमत नाही.

मी त्याला तीन बोटं घालायला सांगितली. हसत हसत त्यानं घातली. तिसरं बोट अर्ध्यावर अडकलं. तो हसायचा थांबला. दुसऱ्या रविवारी माझ्या गाडीवर त्याला मॅडमकडे घेऊन गेलो. त्यांनी कॅलिपर काढल्यावर तो म्हणाला, "हे तर आमच्या क्वालिटीत असतंय." तेहेतीस मिलिमीटर. कंपनीत अर्धा मिलिमीटर फरक पडला की पार्ट रिजेक्ट होतो, आणि या पोराचं तोंड किती मिलिमीटर कमी झालंय हे दोन वर्षांत कुणी मोजलं नव्हतं. त्याला दरवर्षी मेडिकल असते. डोळे, कान, रक्त, छातीचा फोटो. "तोंड उघड" असं कुणीही म्हटलेलं नाही.

आता सवयीबद्दल. मॅडमनी सांगितलं, सुपारी आजपासून बंद. मी म्हणालो, त्यात काय, बंद. तंबाखू सोडलेला माणूस मी. तीन दिवसांत माझी जी अवस्था झाली ती गुटखा सोडताना झाली नव्हती. डोकं जड, चिडचिड, बातमीचे दोन परिच्छेद लिहायला दोन तास. जेवण झालं की हात आपोआप खिशाकडे. चौथ्या दिवशी एका सत्काराला गेलो, ताटात मसाला-सुपारी होती, ती बोलता बोलता तोंडात गेली आणि मला कळलंसुद्धा नाही. गुटखा सोडणं सोपं का गेलं होतं, याचा अर्थ तेव्हा लागला. मी काही सोडलंच नव्हतं. निकोटीन गेलं, अरेकोलिन चालू राहिलं. २०१५ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलंय, की मेंदूत निकोटीन ज्या जागी जाऊन बसतं, तिथल्याच काही जागांवर अरेकोलिनही काम करतं. म्हणजे मी भाडेकरू बदलला होता, खोली रिकामी केली नव्हती.

शेवटी सुटलं ते असं. पहिले पंधरा दिवस खिशात भाजलेली बडीशेप आणि लवंग. टपरीचा रस्ता बदलला. घरातल्या आणि ऑफिसातल्या प्रत्येकाला सांगितलं, की मला सुपारी देऊ नका, मागितली तरी. दोनदा घसरलो, तिसऱ्यांदा नाही. साधारण महिन्यानं जेवणानंतरची ओढ कमी झाली. पहाटेची अजून कधीकधी येते.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, तोंड थोडं आखडलं तर आखडलं, माणूस मरत तर नाही. याचं उत्तर कॅन्सर हे आहे. केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्यात या आजाराच्या ६६ रुग्णांवर सतरा वर्षं लक्ष ठेवलं होतं. त्यातल्या पाच जणांना तोंडाचा कॅन्सर झाला. शंभरात साडेसातच्या आसपास. बाकीच्यांना झाला नाही, हेही तितकंच खरं आहे. पण आपल्या गेटवरून रोज आत जाणाऱ्या पोरांपैकी किती जणांची तोंडं आखडलीत, हा हिशेब घातला की तो आकडा छोटा राहत नाही. २०२४ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत आलेला अंदाज सांगतो, की २०२२ या एका वर्षात जगात तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख २० हजार रुग्ण चघळायच्या तंबाखूमुळे आणि सुपारीमुळे होते. त्यातले ८३ हजारांहून जास्त एकट्या भारतातले.

आणि आखडलेल्या तोंडातला कॅन्सर उशिरा सापडतो, कारण तोंड उघडतच नाही तर आत बघणार कोण? माझ्या चाळीतल्या शेजाऱ्यांचे मेहुणे, चौतीस वर्षांचे, एका कारखान्यात सीएनसी ऑपरेटर. खालच्या दाढेच्या मागे फोड आला होता. दाढेनं चावलं असेल म्हणून मेडिकलमधून मलम लावलं. एक महिना, दोन महिने. सुट्टी घेतली तर रोजाचे पैसे जातात, म्हणून दाखवायला गेले नाहीत. कानात ठणका मारायला लागला तेव्हा कानाच्या डॉक्टरकडे गेले. तोवर गळ्यात गाठ आली होती. ऑपरेशनमध्ये अर्धा जबडा गेला. फुले योजनेतून खर्च बराच भागला, पण नोकरी गेली. आता ते नळीनं पातळ खातात. त्यांनी पण तंबाखू कधी खाल्ली नव्हती. "मी तर फक्त सुपारी" हे वाक्य त्यांनी मला पाटीवर लिहून दाखवलं.

मोठ्या माणसांचं उदाहरण हवं असेल तर ते आपल्याच जिल्ह्यात आहे. शरद पवारांवर २००४ मध्ये तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली. आपल्याला तंबाखू आणि सुपारीची सवय होती आणि वेळीच कुणी सावध केलं असतं तर बरं झालं असतं, हे त्यांनी नंतर जाहीर कार्यक्रमातून सांगितलंय. त्यांना उपचार मिळाले, ते उभे राहिले. हेल्परला रविवारची सुट्टी मिळाली तर मिळते.

आता सरकार आणि कंपन्यांबद्दल थोडं. गुटखाबंदी बारा वर्षांहून जास्त चालू आहे. ती कागदावर आहे की रस्त्यावर, हे मी सांगायला नको. सुगंधित सुपारीही पुढे बंदीत घेतली. पण साधी सुपारी विकायला मोकळी आहे, आणि माझ्या मते ती बंद करून काही साधणारही नाही. कोकणातल्या बागायतदाराला त्याची बाग तोडायला सांगायची की काय? मी मागतोय ते याहून फार लहान आहे.

एक, कंपनीच्या वार्षिक मेडिकलच्या फॉर्मवर एक रकाना वाढवा: तोंड किती मिलिमीटर उघडतं. कॅलिपर तुमच्याकडेच आहे, अर्धं मिनिट लागतं. आकडा पस्तीसच्या खाली गेला तर त्या माणसाला डेंटिस्टकडे पाठवा आणि त्या दिवसाचा रोज कापू नका. कापला तर तो पुढच्या वेळी दाखवणार नाही.

दोन, गेटवर "तंबाखू-गुटखा मनाई" असा बोर्ड असतो. त्यात "सुपारी" हा शब्द लिहा. तो नाही म्हणूनच माझ्यासारखे लोक स्वतःला सुटलेले समजतात. गंमत म्हणजे सुपारीच्या पाकिटावर "सुपारी चघळणं आरोग्यास हानिकारक आहे" हा इशारा कायद्यानंच छापावा लागतो. तो मी बारा वर्षं फाडून फेकत होतो.

तीन, रात्रपाळीला मध्यरात्रीनंतर दुसरा चहा आणि काहीतरी खायला द्या. पहाटे तीन ते पाच हे दोन तास मावा काढून देतो, ते कंपनीनं काढून द्यावेत. हे मी तिथल्या एका मॅनेजरसाहेबांना बोललो. ते म्हणाले, "कॉस्टिंगमध्ये बसत नाही." ठीक आहे, पण मग ती कॉस्ट कुणाच्या गालात बसते ते मी वर लिहिलंय.

माझं सांगून थांबतो. हा आजार पूर्ण मागे फिरत नाही, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं. सुपारी थांबवली की वाढ थांबू शकते आणि जे आखडलंय त्यातलं थोडं परत मिळवता येतं. मला गालात काही इंजेक्शनं घेतली, आणि रोजचा व्यायाम आहे. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून मागच्या दाढांच्या मध्ये घालायच्या, ताण येईल इतपत. काही मिनिटं तसंच धरायचं, दिवसातून चार-पाच वेळा. थोडं मोकळं वाटलं की एक काडी वाढवायची. घाई करून जबरदस्तीनं घालायच्या नाहीत, जखम झाली तर त्याचाच नवा व्रण होतो. मी सुरुवात केली तेव्हा जितक्या काड्या जायच्या, त्यापेक्षा आज चार जास्त जातात. सत्ताविसाचे तेहेतीस झाले. जळजळ बरीच कमी झालीय. चाळीस कधी होणार नाहीत. दर तीन महिन्यांनी तपासणी आहे आणि ती आता आयुष्यभराची. प्रत्येक वेळी त्या आरसा घालतात तेव्हा मी छताकडे बघत राहतो.

बीडच्या पोरानं मावा सोडला, पुन्हा धरला, पुन्हा सोडलाय. परवा त्याचा फोन आला होता, खोलीवरच्या सहा जणांची तोंडं त्यानं मोजली म्हणे, दोघांची तीन बोटं जात नाहीत. त्या दोघांना घेऊन येतो, म्हणाला.

तुम्ही मोबाइल खाली ठेवा. हात धुवा. तीन बोटं, उभी. जात नसतील, तिखट विनाकारण झोंबत असेल, फुगा फुगवता किंवा शिट्टी मारता येत नसेल, गाल आतून पांढुरका किंवा दोरीसारखा लागत असेल, किंवा तोंडातला फोड-डाग तीन आठवड्यांत बरा झाला नसेल, तर मेडिकलमधून मलम आणू नका. डेंटिस्टकडे जा आणि त्यांना सांगा, की मी सुपारी खातो.

"साधी" असं म्हणू नका.